परदेशी जाहिरात कंपनीच्या बिलावरची 6 टक्के लेव्ही: जुनी वर्षं कशी निस्तरायची

ऑगस्टमध्ये रिटर्नची फाईल घेऊन आलेला दुकानदार एक वाक्य हमखास म्हणतो: "ती लेव्ही तर सरकारने काढून टाकली ना?" काढून टाकली हे खरं आहे. ऑनलाइन जाहिरातीवरची 6 टक्के इक्वलायझेशन लेव्ही, म्हणजे परदेशी कंपनीला जाहिरातीचे पैसे देणाऱ्याने त्यातून कापून सरकारात भरायचा कर, 1 एप्रिल 2025 पासून बंद झाली. पण ती 1 जून 2016 पासून लागू होती आणि त्या काळातलं देणं ती बंद झाली म्हणून माफ झालेलं नाही. 2024-25 ची बिलं अजून तपासणीत येऊ शकतात, आणि त्या वर्षाचं उशिराचं विवरणपत्र 31 मार्च 2027 पर्यंत भरता येतं. हा लेख त्या शेवटच्या वर्षासाठी आहे. आधीच्या वर्षांचा हिशोबही याच रीतीने होतो, फक्त त्यांच्या विवरणपत्राची मुदत कधीच गेलेली असू शकते.

लेव्ही एकूण बिलावर का लागायची, हे आधी समजून घेतलं तर पुढचे बरेच गोंधळ टळतात. परदेशी जाहिरात कंपनीचं भारतात कार्यालय नसेल तर कर-करारांमुळे तिच्या नफ्यावर इथे आयकर लावता येत नव्हता. म्हणून 2016 च्या वित्त कायद्यात, आयकर कायद्याच्या बाहेर, आठव्या प्रकरणात हा वेगळा आकार आणला. तो नफ्यावर लागत नाही, कंपनीला मिळणाऱ्या पूर्ण मोबदल्यावर लागतो. कंपनीला त्या जाहिरातीत नफा झाला की तोटा, हा प्रश्न येतच नाही. उलट, ज्या मोबदल्यावर लेव्ही भरली गेली तो आयकरातून मोकळा, अशी सूट आयकर कायद्याच्या कलम 10(50) मध्ये होती. लोक याला गूगल टॅक्स म्हणत, पण कायद्यात कुठल्याच कंपनीचं नाव नाही.

बिल कोणी दिलं, तेवढंच आधी बघा

जाहिरात कुठल्या ॲपवर दिसली याला महत्त्व नाही. बिलाच्या माथ्यावर कोणत्या कंपनीचं नाव आणि कोणत्या देशाचा पत्ता आहे, यावर सगळं ठरतं. बऱ्याच मोठ्या प्लॅटफॉर्मची बिलं आता त्यांच्याच भारतीय कंपनीकडून येतात. तसं बिल असेल तर जाहिरातदाराला लेव्हीशी काही देणंघेणं नाही. तो टीडीएस कापण्याच्या कक्षेत येत असेल तर कलम 194C चा टीडीएस कापायचा, आणि बिलावर नेहमीचा जीएसटी असतोच.

इथे एक फसवी जागा आहे. बिलावर जीएसटी नंबर दिसला की माणसाला वाटतं, कंपनी भारतातली आहे. नंबरचे पहिले दोन आकडे वाचा. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, हरियाणाचा 06 ने. 99 ने सुरू होणारा नंबर मात्र परदेशातून ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीने इथे घेतलेल्या नोंदणीचा असतो. म्हणजे कंपनी परदेशीच आहे आणि लेव्हीचा प्रश्न उभा राहतो.

एजन्सीमार्फत जाहिरात केली असेल तर पैसे परदेशात कोणी पाठवले ते विचारा. एजन्सी तिच्या खात्यातून जाहिरात घेते आणि तुम्हाला तिचं बिल देते, तर लेव्ही एजन्सीची. पण खातं तुमच्या नावाचं, कार्ड तुमचं आणि एजन्सी फक्त मोहीम चालवण्याची फी घेते, असं असेल तर लेव्ही तुमची. छोट्या गावांतल्या दुकानांत हा दुसराच प्रकार जास्त असतो, आणि दोघांनाही वाटत असतं की दुसऱ्याने भरली असेल.

लाखाची मर्यादा

एका परदेशी कंपनीला एका आर्थिक वर्षात दिलेली आणि देय झालेली रक्कम 1 लाखापर्यंत असेल तर लेव्ही नाही. ही मर्यादा प्रत्येक कंपनीसाठी वेगळी मोजायची. एकीला 85,000 आणि दुसरीला 90,000 दिले तर बेरीज पावणेदोन लाख होते, तरी लेव्ही लागत नाही.

पण ही मर्यादा वजावट नाही. रक्कम 1,00,001 झाली की लेव्ही वरच्या एका रुपयावर लागत नाही, सगळ्या रकमेवर लागते. एप्रिलपासून काही न भरता जुलैत लाख ओलांडले की आधीच्या तीन महिन्यांचीही लेव्ही डोक्यावर येते. म्हणून खर्च लाखाच्या पुढे जाणार असा अंदाज असलेल्या ग्राहकांची आम्ही एप्रिलपासूनच भरत असू.

खर्च धंद्याचा असावा लागतो. घरच्या लग्नाच्या व्हिडिओला कोणी पैसे घालून प्रसिद्धी दिली तर त्यावर लेव्ही नाही. परदेशी कंपनीचं भारतात कायमचं आस्थापन, म्हणजे धंदा चालवायची पक्की जागा, असेल आणि सेवा त्याच्याशी जोडलेली असेल तरी लेव्ही नाही. पण हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो, म्हणून कंपनीचं लेखी निवेदन हाती नसेल तर या अपवादावर विसंबू नका.

एकूण म्हणजे नेमकं किती

समजा बिल 1,00,000 रुपयांचं आहे. कायद्याने सांगितलेली रीत अशी: 6,000 कापायचे, ते सरकारात भरायचे आणि कंपनीला 94,000 पाठवायचे. प्रत्यक्षात असं जवळपास कधीच होत नाही. कार्डावरून पूर्ण 1,00,000 आपोआप कापले जातात, आणि करारात 'तुमच्या देशातले कर तुमचे' असं लिहिलेलं असतं. कमी पैसे पाठवले तर खात्यावर थकबाकी दिसते आणि जाहिरात थांबते. म्हणून दुकानदार कंपनीला 1,00,000 देतो आणि वर 6,000 स्वतःच्या खिशातून भरतो. कापली नाही म्हणून जबाबदारी जात नाही. कलम 166 मध्ये स्पष्ट आहे की कापायची राहिली तरी पैसे देणाऱ्यानेच ती भरायची.

मग लेव्ही 6,000 की 6,383? दुसरा आकडा 1,00,000 ला 0.94 ने भागून येणाऱ्या 1,06,383 चे 6 टक्के काढून निघतो. आयकरात पैसे देणाऱ्याने दुसऱ्याचा कर स्वतः सोसला तर रक्कम अशी फुगवण्याची तरतूद कलम 195A मध्ये आहे. लेव्हीच्या प्रकरणात तसं कलम नाही. कंपनीला मिळालेला मोबदला 1,00,000 आहे, त्याचे 6 टक्के 6,000. आम्ही नेहमी हाच आकडा धरला.

दोन गोष्टी एकूण रकमेत येत नाहीत. बँकेने परकीय चलनासाठी लावलेली वरची आकारणी बँकेची कमाई आहे, जाहिरात कंपनीची नाही. कार्डाच्या स्टेटमेंटवरून हिशोब करणारे ती नकळत मिळवतात, म्हणून बिलावरूनच हिशोब करा. दुसरं म्हणजे कंपनीने फुकट दिलेलं जाहिरात क्रेडिट: त्याचे पैसे कोणी दिलेच नाहीत, मग मोबदला कसला?

जीएसटी या सगळ्यापासून वेगळा आहे. जीएसटी नोंदणी असलेला दुकानदार परदेशी बिलाच्या पूर्ण रकमेवर, म्हणजे 1,00,000 वर, रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी स्वतःच, 18 टक्के भरतो. तो रोखीच्या लेजरमधूनच भरावा लागतो, मग क्रेडिट मिळतं. लेव्हीचं क्रेडिट कुठेच मिळत नाही.

एका दुकानाचं शेवटचं वर्ष

येवल्याला पैठणी विकणारं एक दुकान घेऊ. आकडे मी सोपे केले आहेत, पण असा खर्च मी बऱ्याच फायलींत पाहिला आहे. मालक 30 टक्क्यांच्या पायरीत आहेत. 2024-25 मध्ये त्यांनी एका परदेशी प्लॅटफॉर्मवर एप्रिल ते सप्टेंबर दरमहा 30,000 खर्च केले. ऑक्टोबरमध्ये दसरा आला आणि दिवाळीची खरेदी सुरू झाली, म्हणून 1,40,000. नोव्हेंबरमध्ये 70,000, आणि डिसेंबर ते मार्च दरमहा 22,500. वर्षाचे 4,80,000 झाले. दुसऱ्या एका परदेशी कंपनीला 85,000 दिले, ते मर्यादेत बसले म्हणून बाजूला ठेवू.

लेव्ही 4,80,000 चे 6 टक्के, म्हणजे 28,800. यातलं काहीच वेळेवर भरलं नव्हतं. 20 जून 2025 ला भरायचं ठरलं.

प्रत्येक महिन्याची लेव्ही पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायची असते. उशीर झाला की दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला 1 टक्का सरळ व्याज:

```
व्याज = महिन्याची लेव्ही × 1% × उशिराचे महिने
```

ऑक्टोबरचं पाहा. लेव्ही 8,400, शेवटची तारीख 7 नोव्हेंबर 2024. 20 जून 2025 पर्यंत सात महिने पूर्ण झाले आणि आठवा सुरू आहे, म्हणून आठ महिने धरायचे. व्याज 672. एप्रिलच्या 1,800 वर 7 मे 2024 पासून चौदा महिने होतात, म्हणजे 252. मेचे तेरा, जूनचे बारा असं उतरत सप्टेंबरला नऊ महिने होतात, आणि या सहा महिन्यांचं व्याज मिळून 1,242 येतं. नोव्हेंबरच्या 4,200 वर सात महिन्यांचे 294. शेवटच्या चार महिन्यांचे मिळून 243. सगळी बेरीज 2,451. नियमांनुसार रक्कम जवळच्या दहाच्या पटीत घ्यायची, म्हणून 2,450. एकूण भरणा 31,250 रुपये.

कोणी म्हणेल, लाखाची मर्यादा जुलैत ओलांडली, मग एप्रिल ते जूनचं व्याज 7 ऑगस्टपासून का धरू नये? तसं धरलं तर 108 रुपये वाचतात. तेवढ्यासाठी अधिकाऱ्याशी वाद घालायची माझी तयारी नाही.

7 एप्रिल

आता माझीच चूक सांगतो. टीडीएसमध्ये मार्चचा भरणा 30 एप्रिलपर्यंत चालतो, आणि वर्षानुवर्षं तीच तारीख हाताला बसलेली. लेव्हीत ही सवलत नाही. मार्चची लेव्हीही 7 एप्रिललाच भरायची. एका वर्षी मी तीन ग्राहकांची मार्चची लेव्ही 28 एप्रिलला भरली आणि तिघांचंही एका महिन्याचं व्याज माझ्या फीमधून गेलं. जुन्या फाईलीत मार्चचं चलन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातलं दिसलं तर हीच चूक झालेली असते. व्याज भरलंय का बघा.

चलन आणि विवरणपत्र

भरणा आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लेव्हीच्या स्वतंत्र चलनाने होतो. कागदी काळातला त्याचा नंबर ITNS 285. हे चलन पॅनवर भरायचं, टीडीएससाठी घेतलेल्या टॅन नंबरवर नाही. टीडीएसच्या सवयीने टॅनने लॉगिन करून चुकीच्या शीर्षात पैसे भरणारे बरेच आहेत. ते पैसे टीडीएसच्या खात्यात पडून राहतात आणि लेव्ही थकीतच दिसते. चलनाच्या पावतीवरचा बीएसआर कोड, तारीख आणि अनुक्रमांक जपून ठेवा, विवरणपत्रात तेच लागतात.

विवरणपत्र म्हणजे Form 1. ते वर्षातून एकदाच, पुढच्या 30 जूनपर्यंत, पोर्टलवर डिजिटल सहीने किंवा इलेक्ट्रॉनिक पडताळणी कोडने भरायचं. त्यात परदेशी कंपनीचं नाव आणि पत्ता, तिला दिलेली एकूण रक्कम, लेव्ही, व्याज आणि चलनांचा तपशील येतो. कंपनीचं नाव बिलावर आहे तसंच्या तसं लिहा. ॲपचं नाव घातलं तर पुढे बिल आणि विवरणपत्र जुळवताना उगाच पत्रव्यवहार होतो.

येवल्याच्या दुकानाने 20 जूनला भरणा केला, त्यामुळे 30 जूनच्या आत Form 1 जाऊ शकलं. ते राहिलं असेल तर उशिराचं विवरणपत्र सेवेच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षांत भरता येतं. चूक सापडली तर दुरुस्तीलाही तेवढीच मुदत. उशिराचा दंड दिवसाला 100 रुपये लागू शकतो.

न भरल्याचा खरा खर्च

दुकानदार व्याजाला घाबरतात. खरी भीती दुसरीकडे आहे. आयकर कायद्याच्या कलम 40(a)(ib) प्रमाणे ज्या जाहिरात खर्चावर लेव्ही लागते आणि रिटर्नच्या मुदतीपर्यंत ती भरलेली नसते, तो अख्खा खर्च त्या वर्षी नामंजूर होतो. भारतातल्या माणसाचा टीडीएस कापायचा राहिला तर खर्चाचा 30 टक्केच भाग नामंजूर होतो, इथे शंभर टक्के. येवल्याच्या मालकांचा 4,80,000 चा खर्च नाकारला गेला असता तर 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून 1,49,760 रुपयांचा आयकर वाढला असता. 28,800 वाचवायला गेलेल्याला हे बिल येतं. नंतर लेव्ही भरली की खर्च भरणा केलेल्या वर्षी मंजूर होतो, पण तोवर आधीच्या वर्षाचा कर आणि त्यावरचं व्याज गेलेलं असतं.

म्हणून रिटर्न भरण्याआधी लेव्ही भरायची, हा क्रम सोडू नका. हिशोबात 31 मार्चलाच लेव्ही देय म्हणून नोंद पाडा. स्वतःच्या खिशातून भरलेली लेव्ही आम्ही जाहिरात खर्चातच टाकतो. ऑडिट होत असेल तर 3CD या ऑडिटच्या फॉर्ममध्ये याची माहिती द्यावी लागते, त्यामुळे ऑडिटरपासून लपवून काही उपयोग नसतो.

याशिवाय दंड आहेत. लेव्ही कापलीच नाही तर तिच्याइतकाच, म्हणजे या दुकानाला 28,800 पर्यंत. कापून सरकारात भरली नाही तर दिवसाला 1,000, पण लेव्हीच्या रकमेपेक्षा जास्त नाही. दंड लावण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि वाजवी कारण दाखवलं तर कलम 173 प्रमाणे दंड लागत नाही. नोटीस यायच्या आधी स्वतःहून व्याजासह भरणा केला असेल तर हे कारण मांडायला जागा राहते. 'मला माहीत नव्हतं' एवढंच लिहून दिलेलं उत्तर मात्र फार लंगडं पडतं.

आपलं काही राहिलंय का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. जीएसटीच्या 3B रिटर्नमध्ये 3.1(d) या ओळीत रिव्हर्स चार्जची रक्कम असते. वर्षभराची बेरीज काढा, तिच्यातली परदेशी जाहिरातीची बिलं वेगळी करा आणि Form 1 मधल्या आकड्याशी लावून बघा. तुम्ही स्वतःच एका खात्याला परदेशी जाहिरात घेतल्याचं सांगितलंय आणि दुसऱ्याला सांगितलं नाही, हे खात्याला जुळवायला वेळ लागत नाही.

मार्चची जाहिरात, एप्रिलचं बिल

शेवटच्या महिन्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. जाहिरात मार्च 2025 मध्ये चालली, बिल 2 एप्रिलला आलं, कार्ड 3 ला कापलं गेलं. लेव्ही लागते का? माझं मत, लागते. 31 मार्चपर्यंत सेवा मिळाली होती आणि कंपनीचे पैसे देय झाले होते; दुकानदाराने खर्चही 2024-25 मध्येच दाखवला आहे. खर्च मार्चचा आणि लेव्हीसाठी मात्र एप्रिलचा, हे अधिकाऱ्यासमोर टिकणार नाही. येवल्याच्या हिशोबात मार्चचे 22,500 मी म्हणूनच धरले.

एप्रिल 2025 पासून चालवलेल्या जाहिरातींवर लेव्ही नाही, पण त्याबरोबर लेव्हीमुळे मिळणारी आयकराची सूटही गेली. म्हणजे परदेशी कंपनीला पैसे देताना तिच्या उत्पन्नावर इथे कर कापायचा का, हा जुना प्रश्न पुन्हा जाहिरातदाराच्या दारात आला. त्याचं उत्तर त्या देशाशी असलेल्या करारावर आणि कंपनीच्या कागदांवर ठरतं. कंपनीकडून तिच्या देशाचं कर-रहिवासाचं प्रमाणपत्र, Form 10F आणि भारतात कायमचं आस्थापन नसल्याचं निवेदन मागवून घ्या. ही कागदपत्रं बहुतेक वेळा प्लॅटफॉर्मच्या बिलिंग मदत-विभागातून मिळतात, ती मिळायला कधीकधी महिना लागतो, आणि तोवर कार्डावरून पैसे कापले जाणं चालूच असतं. रिव्हर्स चार्जचा जीएसटी आधी होता तसाच आहे.